डोळ्यांखालचं काळं : झोप, नाक, रक्त आणि वर्ण

(वस्तीतल्या तरुण मुली आणि त्यांच्या आया यांच्यासाठी घेतलेल्या आरोग्य शिबिरातील भाषणाचा मजकूर)

आजचा विषय ऐकून काहीजणींना वाटेल, की हा ब्यूटी पार्लरचा विषय इथे कशाला? पण गेल्या काही वर्षांत वीस-बावीस वर्षांच्या जेवढ्या मुली माझ्याशी बोलायला आल्या, त्यातल्या कितीतरी जणींनी हा प्रश्न विचारला आहे. ‘ताई, डोळ्यांखाली काळं झालंय, काय लावू?’ प्रश्न ‘काय लावू’ असाच येतो. ‘मला काय झालंय’ असा येत नाही. आणि उत्तर देणारे घरात, शेजारी, मेडिकलच्या दुकानात भरपूर असतात. आई म्हणते, झोपत नाहीस. मावशी म्हणते, मोबाइल बघतेस. मेडिकलवाला काहीच विचारत नाही, एक ट्यूब काढून देतो.

मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली कार्यकर्ती आहे. इथे सांगते आहे ते आमच्या बरोबर काम करणाऱ्या डॉक्टर मैत्रिणींकडून शिकलेलं आणि मुलींबरोबर दवाखान्यांत बसून पाहिलेलं आहे.

डोळ्यांखालची त्वचा अंगावरच्या सगळ्या त्वचेत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची. तिच्याखाली चरबीचा थरही फारसा नसतो. त्यामुळे तिथे जे काळं दिसतं ते एकाच कारणाने असेल असं नाही. तीन वेगळ्या गोष्टी आपल्याला एकच ‘काळं वर्तुळ’ म्हणून दिसतात. पहिली म्हणजे त्वचेतला रंग. हा तपकिरी असतो. दुसरी म्हणजे त्वचेखालून दिसणारं रक्त. हे निळसर, जांभळट दिसतं. तिसरी म्हणजे नुसती सावली. डोळ्याच्या कोपऱ्यापासून गालाकडे जाणारी खाच खोल असेल किंवा पापणी सुजली असेल, तर वरून उजेड पडला की तिथे सावली पडते.

यातलं आपलं कोणतं, हे बऱ्याच अंशी घरी कळतं. दिवसा खिडकीकडे तोंड करून बसा, डोक्यावरचा दिवा बंद करा आणि हातात आरसा घ्या. समोरून उजेड आल्यावर काळेपणा बराच कमी झाला, तर तो भाग सावलीचा. मग खालची पापणी बोटाने हलकेच गालाकडे ओढा. रंग तसाच राहून त्वचेबरोबर सरकला तर तो त्वचेतला रंग. त्वचा ताणल्यावर निळसर-जांभळी छटा उलट जास्त दिसली तर ते खालचं रक्त. ताणू नका, नुसतं ओढा. तिथली त्वचा नाजूक आहे. बहुतेक जणींना दोन किंवा तिन्ही गोष्टींचं मिश्रण सापडेल, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता एका मुलीची हकिकत सांगते. तिची परवानगी घेतली आहे, नाव-गाव सांगत नाही. वय एकवीस. सकाळी कॉलेज, दुपारी एका दुकानात हिशेबाचं काम, संध्याकाळी घरी स्वयंपाक. घरात स्थळं बघायला सुरुवात झालेली. एका घरून निरोप आला, ‘मुलगी आजारी दिसते.’ त्या दिवसापासून घरात तिच्या डोळ्यांखालचा भाग हा चर्चेचा विषय झाला. कॉलेज सोडून घरी आराम कर, चेहरा सुधारेल, इथपर्यंत बोलणं आलं. तीन महिने ती एक ट्यूब लावत होती. पहिल्या आठवड्यात उजळ वाटलं, नंतर पुन्हा काळं, आणि आता ट्यूब थांबवली की आग होऊन लाल व्हायचं.

सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, ‘झोप काढ.’ तेव्हा आधी झोपेचंच बघू. झोप कमी झाली की चेहरा तसा दिसतो, हे खरं आहे. २०१३ साली स्वीडनमध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही माणसांचे फोटो नीट झोपल्यावर आणि सलग एकतीस तास जागल्यावर काढले आणि अनोळखी लोकांना दाखवले. जागरणानंतरच्या फोटोंत डोळ्यांखाली जास्त काळं, पापण्या उतरलेल्या आणि त्वचा फिकट दिसते, असं बघणाऱ्यांनी सांगितलं. त्वचा फिकट झाली की खालचं निळं उठून दिसतं, आणि पापणी सुजली की सावली वाढते. पण हा बदल दोन-चार रात्री पुरेशी झोप मिळाली की उतरतो. महिनोन्‌महिने टिकणारं तपकिरी वर्तुळ जागरणाने तयार होत नाही. सुट्टीत आठ दिवस सात-आठ तास झोपून बघा. काहीच फरक पडला नाही, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

या मुलीला आम्ही विचारलं, ‘झोपतेस किती?’ ती म्हणाली, ‘अंथरुणावर असते सात तास. पण झोप कुठे लागते?’ आता हे उत्तर महत्त्वाचं आहे. झोप कमी का, हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. विचारल्यावर दोन गोष्टी पुढे आल्या. रात्री नाक चोंदतं, तोंडाने श्वास घ्यावा लागतो, घसा कोरडा पडून जाग येते. आणि आडवं झालं की पाय चुळबुळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणजे झोप न होणं हे मूळ कारण नव्हतं, तर ते दुसऱ्या दोन गोष्टींचा परिणाम होतं.

पहिली गोष्ट नाकाची. सकाळी उठल्यावर आठ-दहा शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज, पावसाळ्यात सगळंच जास्त. याला आपण ‘सर्दीचा कोठा’ म्हणून सोडून देतो. ताप नाही, आठवडे उलटले तरी जात नाही, आणि खाज आहे, म्हणजे ती बहुधा अ‍ॅलर्जी असते. अंथरुणातल्या धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, ओलसर भिंतीवरची बुरशी, झुरळं ही नेहमीची कारणं. नाकाची आतली त्वचा सुजली की पापणीकडून येणाऱ्या बारीक शिरांतलं रक्त पुढे सरकायला अडचण होते. ते तिथेच तुंबतं आणि पातळ त्वचेतून निळसर दिसतं. पापण्याही थोड्या फुगतात. आणि खाज आली की आपण डोळे चोळतो. रोज चोळल्याने त्वचेला बारीक इजा होते आणि सावळ्या त्वचेची सवय अशी, की इजा भरून येताना ती तिथे जास्त रंग सोडते. म्हणजे निळं नाकामुळे आणि तपकिरी चोळण्यामुळे, असं एकाच अ‍ॅलर्जीतून दुहेरी काळं तयार होतं.

पापणीला खाज असेल पण नाक मोकळं असेल, तर तिथे लागणाऱ्या वस्तूंवर संशय घ्यावा : काजळ, केसांचा डाय, सुवासिक क्रीम. डाय केसांना लावतो, पण तो सहन होत नसेल तर पहिल्यांदा पापण्या सुजतात. एकेक वस्तू तीन-चार आठवडे पूर्ण बंद करून बघायची. सुरमा मात्र कायमचाच बंद करावा. बऱ्याच सुरम्यांत शिसं असतं, आणि शिसं शरीरात गेलं की रक्तही कमी होतं.

दुसरी गोष्ट रक्ताची. इथे थोडं सावकाश बोलू, कारण हीच गोष्ट सगळ्यात जास्त वेळा निसटते. लोह कमी झाल्याने डोळ्यांखाली काळा रंग तयार होत नाही. होतं असं, की रक्तातलं हिमोग्लोबिन कमी झाल्यामुळे सगळा चेहरा फिकट पडतो आणि डोळ्यांखालचा मूळचा रंग, मूळच्या शिरा उठून दिसतात. मळलेल्या भिंतीवर डाग लपतो, चुना लावलेल्या भिंतीवर तोच डाग डोळ्यांत भरतो, तसं. म्हणून नुसत्या काळ्या वर्तुळावरून कुणी ‘तुला रक्त कमी आहे’ म्हणालं तर ते अंदाजाने आहे. आणि ‘रक्त चांगलंच असेल, नुसती जागते’ हेही तितकंच अंदाजाने आहे. खालची पापणी उघडून आतला भाग पांढुरका दिसतो का, हे आपण बघतो. खूप कमतरता असेल तर ते दिसतं, थोडी असेल तर दिसत नाही. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडे हा अंदाज किती वेळा खरा निघतो? २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात ५४ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे आज इथे बसलेल्यांपैकी जवळजवळ प्रत्येक दुसरी.

या मुलीला आम्ही पाळीबद्दल विचारलं. ती म्हणाली, ‘नेहमीसारखी.’ नेहमीसारखी म्हणजे काय, हे विचारल्यावर कळलं की सात-आठ दिवस अंगावर जातं, पहिल्या दोन दिवसांत दर दीड-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं आणि दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडतात. तिच्या आईचंही असंच होतं, म्हणून दोघींनाही ते नेहमीचं वाटत होतं. पण हे जास्त अंगावर जाणं आहे.

त्याचा हिशेब बघा. एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेलं तर ते जास्त धरतात. एक मिलिलिटर रक्ताबरोबर अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं. म्हणजे महिन्याला चाळीसेक मिलिग्रॅम, दिवसाला सव्वा मिलिग्रॅमच्या घरात. शिवाय शरीर रोज साधारण एक मिलिग्रॅम लोह इतर मार्गांनी टाकतंच. म्हणजे रोज दोन मिलिग्रॅमच्या वर लोह आत यायला हवं. भाजी-भाकरीतलं लोह शंभरातलं पाच ते आठच अंगी लागतं. तेव्हा ताटात पंचवीस ते चाळीस मिलिग्रॅम लोह रोज पडायला हवं. घरात सगळ्यांनंतर जेवणाऱ्या मुलीच्या ताटात ते येणार कुठून? ‘बीट खा, खजूर खा’ या सल्ल्याने हा खड्डा भरत नाही. त्याला गोळी लागते आणि अंगावर जाणं कमी करावं लागतं.

प्राथमिक तपासणीत तिचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं. गरोदर नसलेल्या स्त्रीला ते किमान १२ हवं. मग डॉक्टरांनी फेरिटिन तपासलं. हिमोग्लोबिन म्हणजे हातातले पैसे, तर फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. निरोगी माणसात ते १५ च्या खाली गेलं म्हणजे शिल्लक संपली. तिचं होतं ६. काही मुलींचं हिमोग्लोबिन १२ असतं पण फेरिटिन तळाला गेलेलं असतं. त्याही थकतात, त्यांचेही केस गळतात. लोह कमी असलं की काहींचे पाय रात्री चुळबुळतात, हेही डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं. फेरिटिनबद्दल एक लक्षात ठेवा : ताप किंवा सूज असताना ते खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून आजारपणात ही तपासणी करू नये.

मग काय केलं, ते क्रमाने सांगते.

ट्यूब पहिल्यांदा बंद झाली. तिच्यावरचं नाव त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं, तर त्यात स्टेरॉइड होतं. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड. ते सुरुवातीला उजळ दिसतं, म्हणून मुली लावत राहतात. पण ते त्वचा आणखी पातळ करतं, आणि त्वचा पातळ झाली की खालच्या शिरा जास्तच दिसतात. काळं घालवायला लावलेलं मलम काळं वाढवतं. शिवाय डोळ्यांजवळ महिनोन्‌महिने लावलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. २०१८ साली सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली, तरी दुकानात ती मागितली की मिळतात. बंद केल्यावर काही आठवडे आग आणि लाली राहते. तेव्हा पुन्हा तीच ट्यूब न लावता डॉक्टरांना दाखवायचं.

नाकासाठी डॉक्टरांनी रोजचा स्प्रे दिला. त्यातही स्टेरॉइडच असतं, तेव्हा ‘हे कसं चालतं?’ असं तिच्या आईने विचारलं, आणि बरोबरच विचारलं. उत्तर असं, की त्याचं प्रमाण फार थोडं असतं, ते नाकाच्या आतल्या सुजेवर काम करतं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली असतं. नळी मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने धरायची, नाहीतर नाकातून रक्त येतं. दोन शिंका थांबल्या म्हणून चार दिवसांत सोडायचा नाही. पूर्ण गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. घरात गोधडी भिंतीला लागून असायची, ती हलवली. चादरी-अभ्रे दर आठवड्याला कडक गरम पाण्यात. डोळ्यांना खाज आली की चोळण्याऐवजी गार पाण्याची पट्टी.

लोहाची गोळी पूर्वी तिने दोनदा सोडली होती, कारण पोटात जळजळ आणि शौच काळं. शौच काळं होतं, त्यात काळजीचं काही नाही. जळजळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्यावी. एक दिवसाआड घेतलेली गोळी दर गोळीमागे जास्त अंगी लागते, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलं आहे. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून तासा-दोन तासांचं अंतर हवं. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगलं. तिला एक दिवसाआड गोळी आणि पाळीच्या पहिल्या चार दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या. त्याआधी सोनोग्राफी आणि थायरॉइडची तपासणी झाली, दोन्हींत काही दोष नव्हता.

महिन्याने हिमोग्लोबिन १०.५ झालं. हा टप्पा चुकवू नका. गोळी नियमित घेऊनही महिन्याभरात साधारण एक ग्रॅम चढलं नाही, तर निदान पुन्हा तपासायला हवं : रक्त जास्त जातं आहे का, गोळी अंगी लागत नाही का, किंवा थॅलेसेमियासारखा जन्मजात प्रकार आहे का. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचाही विचार करावा लागतो. चार महिन्यांनी तिचं १२.२ झालं. तरी गोळी लगेच थांबवली नाही. हिमोग्लोबिन भरलं तरी शिल्लक भरायला आणखी तीनेक महिने लागतात. इथेच बहुतेकजणी सोडतात आणि वर्षभरात पुन्हा तिथेच येतात.

आता तुम्ही विचाराल, डोळ्यांखालचं गेलं का? अर्धं गेलं. पहिल्या दिवशी खिडकीजवळ काढलेला फोटो आणि चार महिन्यांनी तिथेच, त्याच वेळी काढलेला फोटो शेजारी ठेवले. सकाळची निळसर सूज गेली होती, चेहऱ्याचा फिकटपणा गेला होता. नाक मोकळं, पाय शांत, सहा-साडेसहा तास सलग झोप. पण तपकिरी रंग जवळजवळ तसाच होता, आणि खाच तर होतीच. मग तिची आई शेजारी येऊन बसली. तिच्याही डोळ्यांखाली तोच रंग, तसाच आकार. मावशीच्याही तसाच, असं आईच सांगत होती.

हा जन्मजात रंग आहे. पुष्कळ घराण्यांत तो असतो, सोळा-सतराव्या वर्षी दिसायला लागतो आणि वयाबरोबर थोडा गडद होतो. त्वचेच्या वरच्या थरातला रंग उन्हापासून जपलं, चोळणं थांबवलं तर थोडा उतरतो. खोल थरातला सहसा जात नाही. त्यासाठीची मलमं आणि लेझर त्वचारोगतज्ज्ञांकडेच करावीत, कारण सावळ्या त्वचेवर चुकीचा उपाय उलट जास्त काळं करतो. गुण मर्यादित असतो आणि खर्च मोठा. करायचं की नाही, हे तिने ठरवावं, आलेल्या स्थळाने नव्हे. तिने सध्या करायचं नाही असं ठरवलं आहे, कॉलेज चालू आहे.

मैत्रिणींनो, ‘मुलगी आजारी दिसते’ असं म्हणणाऱ्यांना तिचं ९.४ हिमोग्लोबिन दिसलं नव्हतं, तिचं चोंदलेलं नाक दिसलं नव्हतं. त्यांना फक्त रंग दिसला, आणि नेमका तोच आजार नव्हता. जो आजार होता त्यावर उपाय झाला. जो वर्ण आहे तो राहिला.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाला हा प्रश्न असेल, तर घरी गेल्यावर खिडकीशी बसून आरशात बघा. मग तीन प्रश्न स्वतःला विचारा : नाक आणि खाज कशी आहे, पाळीत अंगावर किती जातं, आणि आईच्या डोळ्यांखाली काय आहे. पहिल्या दोनांपैकी एकाचं उत्तर ‘जास्त’ असेल तर हिमोग्लोबिन आणि शक्य तर फेरिटिन तपासून घ्या. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. एकाच डोळ्याखाली अचानक काळं आलं, किंवा सकाळी डोळ्यांबरोबर पायही सुजत असतील, तर मात्र वाट न बघता डॉक्टरांकडे जा. त्याची कारणं वेगळी असतात.

आणि पर्समध्ये ट्यूब असेल तर जाण्याआधी माझ्याकडे या. तिच्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय, ते आपण मिळून वाचू.